वॉटर सीलचा उलटा लिलाव

माझे वडील आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत मापाडी होते. त्यामुळे लिलाव हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. ढिगासमोर व्यापारी उभे राहतात, भाव चढत जातो, शेवटच्या बोलीवर हात पडतो. फरीदाबादच्या एसटीडी बूथमधून मी त्यांना सांगितलं, की आमच्या कंपनीत आता असा लिलाव होणार आहे ज्यात भाव उतरत जातो. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्यांत कमी बोलेल त्याला काम?"

"हो."

"मग फुकट देतो म्हणणारा जिंकेल की गं!" आणि स्वतःच खूप हसले. बूथमधल्या मीटरवरचे आकडे पळत होते, तरी मी त्यांना हसू दिलं. त्या दिवसांत माझ्याशी कोणी हसून बोललं की मला ते संपू नये असं वाटायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. शिष्यवृत्ती मिळाली, हायस्कूलच्या सरांनी अर्ज भरून दिला, म्हणून इंजिनिअरिंग झालं. आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीने फरीदाबादच्या कारखान्यात खरेदी विभागात घेतलं, म्हणून दिल्ली पाहिली. त्या नोकरीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पुढे जे लिहिते आहे ते तक्रार म्हणून लिहीत नाही.

पण एकटेपणा होता, आणि तो खोटा नव्हता. मी सेक्टरमधल्या एका घरात वरच्या खोलीत पेइंग गेस्ट होते. मालकीणबाई सज्जन होत्या, पण संध्याकाळी सातला टीव्ही लावायच्या आणि मी जिन्याने वर जायचे ते सकाळपर्यंत. कारखान्यात खरेदी विभागात मी एकटीच बाई. दिवसभर हिंदी, थोडी इंग्रजी. कधीकधी शनिवारी लक्षात यायचं, की आठवडाभरात आपण मोठ्याने एकही मराठी वाक्य बोललेलो नाही.

म्हणून काकांचं घर. काका आमच्या कंपनीला रबराचे भाग पुरवायचे. तरुणपणी पुण्याहून एका रबर कंपनीत नोकरीला आले, मग फरीदाबादमध्येच स्वतःचा छोटा कारखाना काढला. रबराच्या रसायनशास्त्रात त्यांनी रीतसर शिक्षण घेतलेलं होतं. दोन्ही मुलं परदेशी. पहिल्याच भेटीत माझं आडनाव वाचून ते म्हणाले, "मराठी? मग रविवारी जेवायला ये. ही तुझी काकू वाटच बघत असते कोणाची तरी." मी त्याच दिवशी माझ्या साहेबांना विचारलं, जाऊ का म्हणून. आमचे साहेब मेरठकडचे, खरेदीत केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "खाना खाओ बेटा, ज़रूर खाओ. बस रेट की बात थाली पर नहीं."

तो नियम काकांनीही पाळला. दोन वर्षं मी बहुतेक रविवारी त्यांच्याकडे जेवत होते, आणि भावाबद्दल एक शब्द निघाला नाही. काकूंच्या हातची आमटी, भात, कधी अळूचं फतफतं. दिल्लीत अळूची पानं मिळवायला त्यांना कितीतरी लोकांना सांगून ठेवावं लागे. काकू अर्धं बोलणं हिंदीत करायच्या आणि त्यांना ते कळायचंही नाही. "अच्छा, तू बिल्कुल संकोच करू नकोस हां," म्हणून वाढायच्या. दुपारी मी त्यांच्या दिवाणावर झोपायचे. परक्या गावात कुणाच्या घरी दुपारी झोप लागणं ही किती मोठी गोष्ट असते, ते त्याशिवाय राहिलेल्यालाच कळेल.

आता सीलबद्दल सांगते. वॉशिंग मशीनच्या टबाच्या तळातून एक फिरता दांडा जातो. तिथून पाणी खाली मोटरवर गळू नये म्हणून रबराची एक कडी बसवतात. तिला वॉटर सील म्हणतात. दिसायला काहीच नाही, तळहातावर मावते. पण तिचा ओठ कडक झाला की पाणी झिरपतं आणि मोटर जळते. ही कडी काका बनवायचे. त्यांच्या कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे आमचीच ही कडी. ती गेली तर पाळी बंद करावी लागेल, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आमच्या ड्रॉइंगमध्ये कडीची मापं होती, रबराचा कडकपणा किती हवा ते होतं. एवढंच होतं. दिल्लीच्या आसपास बोअरचं क्षारयुक्त जड पाणी आणि धुण्याची जहाल पावडर यांत ती किती वर्षं टिकेल, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. काकांची एक पद्धत होती. दर उन्हाळ्यात त्यांचा माणूस आमच्या दुरुस्ती केंद्रांत फिरायचा, मशीनमधून काढलेल्या जुन्या कड्या गोळा करायचा. काका त्या कापून बघायचे, ओठ कुठे कडक झालाय, कुठे झिजलाय. आणि मिश्रण जरासं बदलायचे. आम्हाला कळवायचे तेही दोन ओळींत. त्याचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत, आम्ही कधी दिले नाहीत. तसंच दिवाळीआधी उत्पादन अचानक वाढलं की मी फोन करायचे, आणि ते म्हणायचे, "ठेवलेत बाजूला काढून. गाडी पाठव."

तेव्हा कोरियन कंपन्या बाजारात उतरल्या होत्या आणि मशीनच्या किमती घसरत होत्या. आमचं मुख्य कार्यालय दिल्लीतून गुडगावच्या काचेच्या नव्या इमारतीत गेलं. बाहेर अजून सरसोची शेतं आणि खणलेले रस्ते, आत इतकं थंड की मी स्वेटर घेऊन जायचे. तिथे एक दिवस इंटरनेटवरून उलट्या लिलावाचं प्रात्यक्षिक झालं. पुरवठादार आपापल्या ठिकाणी बसून बोली टाकणार. त्यांना फक्त आपला क्रमांक दिसणार, पहिला की दुसरा की तिसरा. दुसऱ्याचा भाव दिसणार नाही. आम्हाला मात्र पडद्यावर सगळे भाव दिसणार. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली टाकली तर वेळ आपोआप वाढणार.

सुरुवात खोक्यांपासून झाली, आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की ती उत्तम झाली. मशीन ज्यात भरतो ती पुठ्ठ्याची खोकी. कागद किती पदरी, किती वजन पेलणार, छपाई कशी, सगळं कागदावर मांडता येत होतं. असं खोकं करणारे दिल्लीच्या भोवती कितीतरी होते आणि सगळ्यांची यंत्रं अर्धवेळ रिकामी. आमचा जुना खोकेवाला वर्षानुवर्षं तोच भाव थोडा थोडा चढवत आला होता, आणि आम्ही कधी तपासलं नव्हतं. लिलावात भाव धाडकन खाली आला आणि काम नोएडाच्या एका माणसाला गेलं. जुना खोकेवाला दुसऱ्या दिवशी बिलाचे पैसे घ्यायला आला तेव्हा मी अवघडून उभी राहिले. तो हसला. "अरे मैडम, इतना मुँह क्यों लटकाया? मेरे पास और भी बीस पार्टी हैं. अगली बार देख लेना, मैं रात को सोऊँगा नहीं, रेट ही काटूँगा." आणि खरंच पुढच्या खेपेला तो परत आला आणि जिंकला. कुणाचं काही तुटलं नाही.

मग बोल्टांचा लिलाव झाला, वायरींचा झाला. तेही ठीक. आणि मग गुडगावहून विचारणा आली, रबरात सगळ्यांत जास्त पैसे कशावर जातात? उत्तर होतं, वॉटर सील.

मी साहेबांना म्हटलं, की साध्या रबरी रिंगांचा लिलाव करू या, सील राहू द्या. ड्रॉइंगात जे लिहिलेलं नाही तेच त्यात महत्त्वाचं आहे. साहेबांना पटलं. त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, की रिंगांच्या एवढ्याशा कामाला कोण येणार. आणि सीलचा भाव एकदाही स्पर्धेत तपासलेला नाही. हेही खरंच होतं. लुधियानाच्या आणि नोएडाच्या एकेका कारखान्याचे नमुने मागवले. मापात बसले, कडकपणात बसले. टिकण्याची पूर्ण चाचणी करायला जेवढे महिने लागले असते तेवढे कोणी दिले नाहीत.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लिलाव होईपर्यंत त्या घरी जाऊ नकोस," म्हणाले. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण बाकीचे दोघंही बोली लावणार आहेत. त्यांच्याही बाजूने बघायला हवं."

मी काकूंना फोन केला, की काही रविवार येता येणार नाही.

"का गं? तब्येत ठीक आहे ना?"

"लिलाव आहे काकू. तोवर येणं बरं दिसत नाही."

"लिलाव आहे म्हणून जेवायचं नाही? अगबाई, सोवळंच झालं की तुमचं! शिवू नको, शिवू नको!" मग मागे वळून, "अहो, ऐकलंत का, आपण विटाळाचे झालो."

मागून काकांचा आवाज आला, "तिला म्हणावं बरोबर आहे तिचं. नीट कर काम, पोरी."

ते रविवार मी खोलीवर काढले. एकदा दिल्लीत मुनिरकाला एका कॉलेजमैत्रिणीच्या बहिणीकडे गेले, तर तिच्या खोलीला कुलूप. खाली चहा पिऊन परत बस पकडली.

लिलावाच्या दिवशी आम्ही गुडगावच्या बैठकीच्या खोलीत बसलो होतो. मी, साहेब, गुडगावचे खरेदीप्रमुख, आणि लिलावाची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीची एक मुलगी. भिंतीवर पडदा, त्यावर प्रत्येकाच्या बोलीचा एक ठिपका. भाव कारखान्याच्या दारात पोचता, म्हणजे एक्साइजचा कर आणि गाडीभाडं सगळं धरून टाकायचा, हे तिघांनाही आधी लेखी आणि प्रशिक्षणात तोंडी सांगितलेलं होतं.

सुरुवात गेल्या वर्षीच्या भावापासून. काका आणि नोएडावाला थोडं थोडं उतरत गेले. लुधियानावाला काहीच टाकत नव्हता. नोएडावाला थकला, थांबला. काकांचा ठिपका खाली, पहिला क्रमांक. जुन्या भावाहून तो बराच कमी होता, आणि काकांचा खर्च मला जेवढा माहीत होता त्यावरून परवडण्यासारखा होता. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. कंपनीचेही पैसे वाचले, काकांचंही काम राहिलं. खरं तर लिलावाने त्या क्षणापर्यंत आपलं काम नीट केलं होतं. काकांच्या भावातली जुनी सैल जागा त्याने काढली होती.

वेळ संपत आला असताना लुधियानाची पहिली आणि एकमेव बोली पडली. ती इतकी खाली होती, की प्रमुखांनी टेबलावर हात आपटला. "वाह!"

मी आकडा पाहिला. त्यात एक्साइज आणि भाडं मिळवलं असतं तर तो जवळजवळ काकांच्याच भावावर आला असता. मी साहेबांच्या कानाशी म्हटलं, "सर, याने टॅक्स सोडून टाकलाय."

साहेबांनी पुन्हा पाहिलं. "लगता तो है." त्यांनी त्या मुलीला सांगितलं, "उससे पूछो."

नियम असा होता, की बोली चुकली असं बोली लावणाऱ्याने स्वतः सांगितलं तर ती काढता येते. तिने लुधियानाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. आणि मला एकदम कळलं, का ते. त्याच्याकडे फोनची एकच लाईन असणार, आणि त्याच लाईनवर त्याचा इंटरनेट चालू होता. जोवर तो लिलावात बसलाय तोवर त्याच्याशी बोलणंच शक्य नव्हतं.

तोपर्यंत काकांचा ठिपका हलला होता. त्यांना पडद्यावर फक्त एवढंच दिसलं होतं, की आपण दुसरे झालो. कितीने, ते नाही. त्यांनी थोडं उतरवलं. अजून दुसरे. आणखी थोडं. अजून दुसरे. प्रत्येक बोलीगणिक वेळ वाढत होता.

"रोक दें?" साहेबांनी विचारलं.

प्रमुख म्हणाले, "जुना पुरवठादार मागे पडला की आपण लिलाव थांबवतो, असं बाहेर दिसेल. समोरच्याने दोनदा खात्री करून बटण दाबलंय. चालू दे."

त्यांचं म्हणणंही पूर्ण चूक नव्हतं. पण मी तो ठिपका बघत होते. एखादा माणूस अंधारात जिना उतरताना पायाने पुढची पायरी चाचपतो, तसा तो उतरत होता. मध्ये एकदा बराच वेळ थांबला. मला वाटलं, काका थांबले, बरं झालं. मग शेवटच्या क्षणी पुन्हा हलला. असं करत करत ते लुधियानाच्या खाली गेले. क्रमांक पहिला. वेळ संपला. खोलीत टाळ्या झाल्या, आणि कोणीतरी मिठाई मागवली.

आम्ही मिठाईचा डबा उघडत होतो तेव्हा लिलाव चालवणाऱ्या त्या मुलीला लुधियानावाल्याचा फोन आला, तिने तो स्पीकरवर टाकला. हसत होता बिचारा. "मैडम जी, गड़बड़ हो गई. वो मैंने बिना एक्साइज, बिना भाड़े के डाल दिया. कटवा दो."

"अब तो ख़त्म हो गया जी. आप दूसरे नंबर पे हो."

"शुक्र है रब का! मुझे तो लगा फँस गया."

मी त्याच दिवशी लिहून दिलं, की काकांची शेवटची बोली एका चुकीच्या बोलीमागे लागून गेलेली आहे, तेव्हा लिलाव त्या आधीच्या भावावर धरावा किंवा पुन्हा घ्यावा. साहेबांनी ते स्वतःच्या सहीने वर नेलं. उत्तर आलं: बोली त्यांची स्वतःची आहे, त्यांनी ती मागे घेतलेली नाही. आणि दुसऱ्याची बोली काय होती, कशी होती, हे कुणालाही सांगायचं नाही. हा नियम सर्वांसाठी सारखा. साहेब मला म्हणाले, "जितना कर सकते थे, किया. अब चुप रहना भी काम है."

पुढच्या रविवारी मी काकांकडे गेले. काकूंनी दारातच ओवाळण्यासारखा हात फिरवला, "झाली का शुद्धी?" जेवायला बसलो. काका भाताचा घास हातात धरून विचारात होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते ताटावर कामाचं बोलले. तेही माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"एवढ्या कमी भावात दुसरा कोणी करू शकतो म्हणजे त्याच्याकडे नक्की नवीन काहीतरी आहे. प्रेस मोठा असेल. की रबरातला कार्बन कुठून थेट घेतो? मी आकडे मांडून मांडून थकलो. मीच मागे पडलो बहुतेक. वय झालं."

"अहो, जेवा आधी," काकू म्हणाल्या.

"नाही, खरंच. शिकायला पाहिजे त्याच्याकडून."

मी समोर बसले होते. असा कोणी माणूस नव्हता हे मला माहीत होतं. तो भाव बाजारात कुणाचाच नव्हता. काका चुकून पडलेल्या एका आकड्याशी स्वतःची तुलना करत होते, आणि आपल्या साऱ्या आयुष्याच्या कामात खोट शोधत होते. मी आमटीचा भुरका मारला. काकूंनी विचारलं, "मीठ कमी झालं का गं?" मी म्हटलं, "नाही, छान झालीय." त्या दुपारी मला दिवाणावर झोप लागली नाही. डोळे मिटून पडून राहिले, आणि आतल्या खोलीतून कॅल्क्युलेटरची बटणं ऐकू येत राहिली.

ठरलेल्या भावाने काम सुरू झालं. काकांनी रात्रपाळी बंद केली. मिश्रणात मात्र हलका माल घातला नाही. ते मी तपासून पाहत होते आणि त्याची मला लाज वाटत होती.

रबराचा धंदा छोटा. सगळे त्याच एक-दोन व्यापाऱ्यांकडून कार्बन घेतात. तिथे केव्हातरी चहा पिताना लुधियानावाल्याने आपली गंमत सांगितली असणार. हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी काका आमच्या कारखान्यात आले. मफलर न काढता माझ्या टेबलासमोर बसले.

"लुधियानावाल्याने टॅक्स सोडून बोली टाकली होती. खरं आहे?"

"मला दुसऱ्याच्या बोलीबद्दल बोलता येत नाही, काका."

"बरं, दुसऱ्याचं राहू दे. माझ्या बोली पडत होत्या तेव्हा तू पडद्यासमोर होतीस?"

"हो."

"तुला कळत होतं, मी कशाच्या मागे पळतोय?"

मी मान हलवली. हो.

त्यांनी मफलर नीट गुंडाळला. "आणि नंतर माझ्या घरी बसून तू ऐकलंस, मी मागे पडलो म्हणून."

"मी लिहून दिलं होतं, काका. पुन्हा घ्या म्हणून. सांगायला मला परवानगी..."

"नाही नाही. बरोबर आहे तुझं." ते उठले. "तू माझ्या जागी असतीस तर मी तुला सांगितलं असतं का? नसतं. नियम तो नियम." मग दाराशी वळून म्हणाले, "कराराप्रमाणे माल मिळत राहील, मॅडम. काळजी नसावी."

रागाने नाही म्हणाले. त्यांच्या तोंडून 'मॅडम' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि इतक्या सरळ आवाजात, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काही घडलंय असंही वाटलं नाही.

त्यानंतर मी रविवारी त्यांच्याकडे गेले नाही. करार त्यांनी अक्षरशः पाळला. मापात एक कडी चुकली नाही, एक गाडी उशिरा आली नाही. फक्त उन्हाळ्यात त्यांचा माणूस दुरुस्ती केंद्रांत गेला नाही. त्या वर्षी पाणी खोल गेलं, नव्या सोसायट्यांत बोअर आणखी खाली गेले, पाणी आणखी जड झालं. गुडगाव, नोएडा, दिल्लीतलं द्वारका. नव्या इमारतींतून मोटर जळाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. आम्ही कळवलं तेव्हा काकांचं उत्तर आलं, की माल ड्रॉइंगप्रमाणे आहे, कृपया तपासून घ्यावा. आम्ही तपासला. ड्रॉइंगप्रमाणेच होता. दिवाळीआधी उत्पादन वाढलं, मी फोन केला, तर ते म्हणाले, "ऑर्डर पाठवा, करारातल्या मुदतीत मिळेल." आमची लाईन एक अख्खी पाळी उभी राहिली. कामगार यंत्रांना टेकून गप्पा मारत होते, आणि मी मधून चालत गेले तेव्हा एकजण म्हणाला, "मैडम, आज तो छुट्टी का मज़ा है."

जळालेल्या मोटरींचा, बंद पडलेल्या पाळीचा आणि विमानाने मागवलेल्या काही मालाचा खर्च साहेबांनी एकत्र मांडला. सीलच्या लिलावात जे वाचलं होतं त्याहून तो जास्त निघाला. खोकी, बोल्ट, वायरी यांचा लिलाव मात्र फायद्यातच होता. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. साहेबांनी वर सांगितलं, की जी वस्तू कागदावर पूर्ण लिहिता येते आणि करणारे पुष्कळ आहेत, तिचा लिलाव करा. सील वेगळं. प्रमुखांनी मान्य केलं. माणूस हट्टी नव्हता, हे मला सांगायला हवं.

वर्ष संपलं तसं काकांनी कळवलं, की पुढच्या लिलावात ते भाग घेणार नाहीत. कंपनीचे साचे तेल लावून परत द्यायला तयार ठेवले आहेत. मग साहेब स्वतः त्यांच्याकडे गेले, मला बरोबर घेऊन. साहेबांनी हात जोडले. "गलती हमारी थी. नीलामी नहीं होगी. आप कॉस्ट बताइए, बैठ के बात करते हैं."

काकांनी चहा मागवला. ते मोकळेपणाने बोलले, हसलेही. दोन बैठकांत सगळं ठरलं. मालाचा, मजुरीचा, विजेचा खर्च उघड मांडून त्यावर नफा. शिवाय उन्हाळ्यात जुन्या कड्या गोळा करून तपासण्याचं काम, त्याचा दर. दिवाळीचा जादा साठा, त्याचा दर. मिश्रणात बदल करून चाचणी, त्याचा दर. जे ते आधी फोनवर करायचे ते सगळं आता कलमांत आलं. ती कलमं मीच टाईप केली. कंपनीला ती महाग पडली नाहीत. उलट, आता हे काम होणार याची खात्री लेखी मिळाली. काकांची रात्रपाळी पुन्हा सुरू झाली. माझ्या नोकरीतलं ते एक चांगलं काम होतं, आणि पुढे माझी बढती झाली त्यात त्याचा वाटा होता.

करारावर सह्या झाल्या त्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "आता तरी ये. वर्ष झालं. मी अळू मिळवलंय."

मी गेले. काकूंनी जवळ घेतलं, रोड झालीस म्हणाल्या. काका बाहेर आले, "या, बसा," म्हणाले. तिघं जेवायला बसलो. त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली, थंडीबद्दल बोलले, मुलाच्या पत्राबद्दल सांगितलं. मला इतकं बरं वाटत होतं, की न राहवून मी म्हटलं, "काका, नव्या मिश्रणाच्या कड्या चाचणीत फारच छान निघाल्यात."

ते पाण्याचा पेला उचलता उचलता थांबले. मृदूपणे म्हणाले, "कामाचं सोमवारी बोलू, मॅडम."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वाटी उचलून माझ्या भातावर आणखी फतफतं वाढलं, खूपच वाढलं, आणि मी ते सगळं संपवलं.

जेवण झाल्यावर काकू दिवाणावरची चादर झटकायला लागल्या. मी म्हटलं, मला जरा लवकर जायचंय, मालकीणबाईंकडे पाहुणे येणार आहेत. पाहुणे वगैरे कोणी येणार नव्हते. काका फाटकापर्यंत सोडायला आले, रिक्षावाल्याला पत्ता नीट समजावून सांगितला, आणि रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले.